दोन शिखरांमधलं अंतर: विखुरलेल्या क्ष-किरणांतून फोटॉनचा संवेग कसा मोजायचा

कॉम्प्टन परिणामाचं सूत्र पाठ असलेले विद्यार्थी पुष्कळ भेटतात. त्या सूत्रातली २.४३ पिकोमीटर ही संख्या स्वतः मोजलेले मात्र क्वचितच. या लेखात तीच मोजणी पहिल्यापासून करू: मॉलिब्डेनमची क्ष-किरण नळी, ग्रॅफाइटचा तुकडा आणि एक सिलिकॉन डिटेक्टर. आलेल्या आकड्यांवरून फोटॉनला संवेग असतो हे कसं ठरतं, तेही शेवटी पाहू. तरंगलांबी बदलली एवढं दिसलं म्हणजे संवेग सिद्ध झाला असं नाही, त्यासाठी आणखी एक पाऊल टाकावं लागतं.

आधी जुन्या सिद्धांताची अपेक्षा काय होती ते बघू. जे. जे. थॉमसन यांच्या मांडणीत क्ष-किरण म्हणजे विद्युतचुंबकीय लहर. तिच्या विद्युतक्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन त्याच वारंवारतेने वरखाली हलतो आणि हलणारा इलेक्ट्रॉन त्याच वारंवारतेचे किरण चहूकडे फेकतो. झोका ज्या लयीत ढकलाल त्याच लयीत तो हलणार. म्हणजे विकिरणानंतर तरंगलांबी बदलण्याचं काहीच कारण नाही, कोन कितीही असो. पण ऑर्थर कॉम्प्टन यांनी अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मॉलिब्डेनमचे किरण ग्रॅफाइटवर टाकले आणि विखुरलेले किरण कॅल्साइट स्फटिकाने वेगळे केले, तेव्हा मूळ रेषेशेजारी दुसरी, जास्त तरंगलांबीची रेष दिसली. कोन वाढवला की ती आणखी दूर सरकायची. १९२३ साली त्यांनी याचं स्पष्टीकरण छापलं. त्याच वर्षी पीटर डिबाय यांनीही स्वतंत्रपणे तेच सूत्र काढलं होतं.

कॅल्साइटने हे मोजणं किती नाजूक काम आहे याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. मॉलिब्डेनमच्या मूळ रेषेसाठी स्फटिक ६.७२ अंशांवर ठेवावा लागतो आणि ९० अंशांत विखुरलेल्या रेषेसाठी ६.९५ अंशांवर. सगळी गोष्ट पाव अंशाच्या आत घडते, आणि तीही आधी ग्रॅफाइटवर व मग स्फटिकावर अशी दोनदा क्षीण झालेल्या किरणांत. आपण स्फटिकाऐवजी डिटेक्टरकडूनच ऊर्जा मोजून घेऊ.

मांडणी

नळी मॉलिब्डेनम ॲनोडची घ्या. तिच्या के-अल्फा रेषांची सरासरी तरंगलांबी ७१.०७ पिकोमीटर आहे, म्हणजे ऊर्जा १७.४५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (पुढे केईव्ही). ही रेष निघण्यासाठी नळीचा दाब २० किलोव्होल्टच्या वर हवाच, ३५ च्या आसपास ठेवला की रेष ठळक येते. के-अल्फासोबत १९.६ केईव्हीची के-बीटा रेषही निघते. तिचं विखुरलेलं शिखर आपल्या कामात लुडबुड करतं, म्हणून नळीच्या तोंडाशी झिर्कोनियमची पातळ पत्री लावतात. झिर्कोनियमची शोषणसीमा बरोबर १८ केईव्हीवर आहे, त्यामुळे के-बीटा अडते आणि के-अल्फा बरीचशी पार होते.

पत्री नळीच्या तोंडाशीच हवी, डिटेक्टरसमोर नको. हे मी चूक करून शिकलो. एकदा सोय म्हणून मी ती डिटेक्टरच्या खिडकीवर चिकटवली आणि १५.८ केईव्हीजवळ एक सुरेख शिखर मिळालं. अर्धा दिवस मी ते कॉम्प्टन शिखर समजून आकडेमोड करत होतो आणि उत्तर काही जुळेना. कोन ९० वरून १२० केला तरी शिखर जागचं हललं नाही, तेव्हा ट्यूब पेटली: ती झिर्कोनियमची स्वतःची प्रतिदीप्ती होती. खरं तर कोन बदलण्याआधीच हे कळायला हवं होतं. किरण सरळ उलटा, १८० अंशांत फिरला तरी तरंगलांबी जास्तीत जास्त ४.८५ पिकोमीटरने वाढते, म्हणजे या नळीसाठी कॉम्प्टन शिखर १६.३ केईव्हीच्या खाली जाऊच शकत नाही. त्याच्या खाली दिसणारं टोकदार शिखर दुसऱ्याच कशाचं तरी असतं.

विकिरणासाठी ग्रॅफाइट किंवा ॲक्रिलिकचा तुकडा, काही मिलिमीटर जाडीचा. जाड ठोकळा घेतला तर मोजणी वाढेल असं वाटतं आणि ती वाढतेही, पण त्यात दोनदा विखुरलेले फोटॉनही मिसळतात. ४५ अंशांत दोनदा वळून ९० अंशांत बाहेर पडलेल्या फोटॉनची तरंगलांबी एकूण १.४२ पिकोमीटरच वाढलेली असते, २.४३ नव्हे. असे फोटॉन शिखराच्या बुडाशी पसरतात आणि त्याचा मध्य हलवतात.

डिटेक्टर सिलिकॉन ड्रिफ्ट प्रकारचा असेल तर उत्तम. १७ केईव्हीजवळ त्यातली रेष साधारण पाव केईव्ही रुंद दिसते. सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर इथे कामाचा नाही, कारण या ऊर्जेला त्याचं शिखर काही केईव्ही रुंद असतं आणि आपल्याला अर्ध्या केईव्हीचा फरक पकडायचाय. डिटेक्टरपुढे लहान छिद्राचा कॉलिमेटर हवा, म्हणजे आत येणाऱ्या किरणांच्या कोनाची पसराई चार-पाच अंशांपेक्षा जास्त होणार नाही. अर्थात हे सगळं बंद पेटीत, दार उघडलं की नळी आपोआप बंद होईल अशा व्यवस्थेतच करायचं.

कॅलिब्रेशन

डिटेक्टर आपल्याला ऊर्जा सांगत नाही, चॅनलचा क्रमांक सांगतो. क्रमांकाचं ऊर्जेत रूपांतर करण्यासाठी माहीत असलेल्या रेषा लागतात. लोखंडाची पत्री ग्रॅफाइटच्या जागी ठेवली की ६.४० केईव्हीची रेष मिळते, तांब्याची ८.०४ वर, झिर्कोनियमची १५.७७ वर. (झिर्कोनियमची रेष घेताना गाळणीची पत्री काढून ठेवा, नाहीतर तिला चेतवणारे १८ केईव्हीवरचे किरण फारच थोडे उरतात.) या तीन बिंदूंतून सरळ रेषा काढा.

रेषा काढण्याआधी मॉलिब्डेनमची १७.४५ ची रेष मुद्दाम बाजूला ठेवा. कॅलिब्रेशन नीट जमलं असेल तर विखुरलेल्या वर्णपटातलं न सरकलेलं शिखर आपोआप १७.४५ वर येईल. ०.०२ केईव्हीपेक्षा जास्त चुकलं तर पुढे जाऊ नका. आपण जो फरक मोजणार आहोत तोच जेमतेम अर्ध्या केईव्हीचा आहे.

कोनाचा शून्य

सगळ्यात फसवी चूक इथे होते. गोनिओमीटरवर ९० लिहिलं आहे म्हणून किरण ९० अंशांत वळला असं होत नाही. ग्रॅफाइटचा तुकडा फिरण्याच्या अक्षावर नसेल, किंवा थेट किरणाची दिशा एक-दोन अंश तिरकी असेल, तर सगळेच कोन चुकतात. म्हणून नळीचा प्रवाह अगदी कमी करून, डिटेक्टरपुढे जाडसर शोषक लावून, थेट किरण शून्याच्या दोन्ही बाजूंना मोजून पाहा आणि मोजणी जिथे सर्वाधिक येते तो खरा शून्य धरा. ९० अंशांच्या आसपास एका अंशाची चूक म्हणजे शिखरात सुमारे ०.०१ केईव्हीची चूक. एकट्या मोजणीत ती चालून जाते, पण सगळ्या कोनांत एकाच दिशेची चूक असली तर अंतिम उत्तर त्या बाजूला झुकतं.

मोजणी

९० अंशांपासून सुरुवात करा. वर्णपटात दोन शिखरं दिसतील: एक १७.४५ वर, अरुंद, दुसरं १६.८७ च्या आसपास, जरा बसकं आणि रुंद. मग ६०, १२०, १३५ आणि १५० अंश घ्या. १५० ला दोन शिखरांतलं अंतर १.०५ केईव्हीपर्यंत जातं आणि ती सहज वेगळी दिसतात. ६० अंशांना अंतर ०.२९ वर येतं आणि दोन शिखरं एकमेकांत घुसतात. तिथे दोन घंटाकार वक्र एकत्र बसवावे लागतात आणि पहिल्या वक्राचं स्थान १७.४५ वर पक्कं ठेवावं लागतं. ४५ अंशांना अंतर ०.१७ आहे. या डिटेक्टरने ते वेगळं काढायचा हट्ट धरू नका. कॉम्प्टनच्या आलेखांत ४५ अंश आहे, पण त्यांच्याकडे स्फटिक होता.

प्रत्येक शिखराची ऊर्जा तरंगलांबीत बदला: १२३९.८ ला केईव्हीतल्या ऊर्जेने भागलं की तरंगलांबी पिकोमीटरमध्ये मिळते. मग आडव्या अक्षावर (१ − cos θ) आणि उभ्या अक्षावर सरकलेली तरंगलांबी घेऊन बिंदू मांडा. ते एका सरळ रेषेवर यायला हवेत. रेषेचा चढ २.४३ पिकोमीटरच्या जवळ हवा आणि रेष उभ्या अक्षाला ७१.०७ वर छेदायला हवी. पुष्कळजण चढ बघतात आणि छेद विसरतात. चढ बरोबर पण छेद चुकीचा असेल तर कॅलिब्रेशन सरकलेलं आहे. छेद बरोबर पण चढ चुकीचा असेल तर कोनाच्या शून्याकडे परत जा.

आणखी एक तपासणी करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. नळीचा प्रवाह निम्मा करून ९० अंशांची मोजणी पुन्हा घ्या. शिखरांची उंची निम्मी होईल, पण जागा बदलणार नाही. लहरींच्या चौकटीत राहूनही तरंगलांबी वाढवता येते: लहर इलेक्ट्रॉनला हळूहळू पुढे ढकलते आणि पळणाऱ्या इलेक्ट्रॉनकडून येणारे किरण डॉप्लर परिणामाने बदलतात. पण तसं असतं तर सरकण्याचं प्रमाण किरण किती तीव्र आहेत आणि किती वेळ पडले यावर अवलंबून राहिलं असतं आणि एका ठिकाणी टोकदार शिखर मिळण्याऐवजी सगळं पसरलं असतं.

आकडेमोड: संवेग कुठून येतो

आता मुख्य पाऊल. फोटॉन इलेक्ट्रॉनवर आदळतो, एका कोनात निघून जातो आणि इलेक्ट्रॉन धक्का खाऊन दुसरीकडे उडतो. फोटॉनचा आधीचा संवेग p, नंतरचा p', धक्का खाल्लेल्या इलेक्ट्रॉनचा संवेग p_e आणि त्याचं वस्तुमान m. संवेग आणि ऊर्जा दोन्हींची अक्षय्यता लिहिली तर:

```
p_e² = p² + p'² − 2 p p' cos θ
(p − p' + mc)² = p_e² + m²c²
```

दुसरी ओळ ऊर्जेची आहे, फक्त c ने भागून वर्ग केलेली. फोटॉनची ऊर्जा pc असते हे तिच्यात आधीच धरलंय. पहिली ओळ दुसरीत घाला, p² आणि p'² दोन्ही बाजूंनी जातील आणि उरेल:

```
1/p' − 1/p = (1 − cos θ) / mc
```

इथे क्षणभर थांबा. अजून h कुठेच आलेला नाही. ही निव्वळ टकरीची भूमिती आहे. आता p = h/λ ठेवलं की ओळखीचं सूत्र येतं:

```
λ' − λ = (h/mc)(1 − cos θ),   h/mc = 2.426 pm
```

तरंगलांबीतली वाढ मूळ तरंगलांबीवर का अवलंबून नाही, याचं उत्तर मधल्या ओळीत आहे. टक्कर 1/p मध्ये ठरावीक भर घालते आणि 1/p म्हणजेच h ने भागलेली तरंगलांबी. ५०० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशातही वाढ तेवढीच, पण ५ लाख पिकोमीटरमध्ये २.४ ची भर कोणाच्या नजरेला येणार? ७१ मध्ये ती साडेतीन टक्के आहे.

सूत्र जुळलं म्हणजे संवेग सिद्ध झाला असं म्हणायला अजून मन धजावत नसेल तर ९० अंशांचा हिशेब उलटा करून पाहा. फोटॉन १७.४४५ केईव्ही घेऊन आला आणि १६.८६९ घेऊन गेला. हरवलेली ०.५७६ केईव्ही इलेक्ट्रॉनकडे गेली. एवढ्या ऊर्जेने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे संवेग किती असतो हे फोटॉनबद्दल काहीही न मानता काढता येतं: इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ५११ केईव्ही धरली तर २४.३ केईव्ही प्रति c. हा संवेग आला कुठून? आता फोटॉनची बाजू घ्या. ऊर्जा भागिले c हाच त्याचा संवेग मानला तर आलेल्या आणि ९० अंशांत गेलेल्या फोटॉनच्या संवेगांतला फरक म्हणजे १७.४४५ आणि १६.८६९ या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण. तो २४.३ येतो. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा.

याचंच रूपांतर मोजमापात करता येतं. समजा, फोटॉनचा संवेग E/c नसून k गुणिले E/c आहे आणि k आपल्याला माहीत नाही. मग इलेक्ट्रॉनला मिळणारा संवेग k पट होईल आणि त्याची ऊर्जा k च्या वर्गाच्या पटीत. k शून्य असता तर इलेक्ट्रॉनला धक्काच बसला नसता आणि दोन शिखरं एकावर एक बसली असती. आता तुमचं शिखर ९० अंशांना १६.८८ वर आलं आणि त्यात ०.०२ ची शंका आहे असं धरा. अंतर ०.५६५ केईव्ही. त्याला ०.५७६ ने भागून वर्गमूळ घेतलं की k बरोबर ०.९९, आणि शंका साधारण ०.०२. दोन शिखरांमधलं अंतर हाच फोटॉनच्या संवेगाचा मापक झाला.

न सरकलेलं शिखर आणि सरकलेल्याची रुंदी

पहिलं शिखर पाहून विद्यार्थी हमखास विचारतात की सगळेच फोटॉन टक्कर देतात तर हे न सरकलेले कुठून आले. ते कॉलिमेटरमधून निसटलेले थेट किरण नव्हेत. कार्बनचा एखादा इलेक्ट्रॉन अणूला बांधलेला राहिला, तर धक्का सगळा अणू मिळून झेलतो. कार्बनचा अणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे २२ हजार पट जड, त्यामुळे तरंगलांबीतली वाढ तितक्याच पटीने कमी होते आणि आपल्याला शून्य दिसते. कार्बनच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन सुटायला २८४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ९० अंशांच्या टकरीत त्याला ५७६ मिळू शकतात, म्हणजे तो सुटू शकतो. ४५ अंशांत १७३ च मिळतात, म्हणजे नाही. म्हणूनच कोन लहान करत गेलात की न सरकलेलं शिखर वरचढ होत जातं. ग्रॅफाइटऐवजी जड मूलद्रव्य घेतलंत, तर बांधलेले इलेक्ट्रॉन इतके होतात की सरकलेलं शिखर शोधावं लागतं.

सरकलेलं शिखर रुंद का? डिटेक्टरचा दोष म्हणाल, तर तो पहिल्या शिखरालाही आहे. कॉलिमेटरमधली पाच अंशांची पसराई ०.०५ केईव्हीच देते. खरं कारण असं की इलेक्ट्रॉन टकरीआधी स्थिर नसतो. त्याचा वेग प्रकाशाच्या १३७ व्या भागाएवढा धरला, म्हणजे हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनइतका, तर शिखर दोन्ही बाजूंना २४.३ भागिले १३७, म्हणजे ०.१८ केईव्हीने फाकतं. हाच वर्णपटातला बसकेपणा. आपण सूत्रात इलेक्ट्रॉन स्थिर आणि मोकळा धरला होता, त्या सोयीची किंमत इथे दिसते. शिखराचा मध्य सूत्र सांगतं, त्याचा आकार मात्र पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचे वेग सांगतो, आणि आज या विकिरणाचा एक मोठा उपयोग तेच वेग वाचण्यासाठी होतो.

एक प्रश्न या मांडणीच्या आवाक्याबाहेर राहतो. आपण मोजलेली प्रत्येक संख्या लाखो टकरींची सरासरी आहे. ऊर्जा आणि संवेग प्रत्येक टकरीत राखले जातात, की फक्त सरासरीने? १९२४ साली बोर, क्रेमर्स आणि स्लेटर यांनी गंभीरपणे मांडलं होतं की फक्त सरासरीने. आपल्या दोन शिखरांना त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. त्यासाठी विखुरलेला फोटॉन आणि उडालेला इलेक्ट्रॉन एकाच क्षणी पकडावे लागतात. १९२५ मध्ये बोथ आणि गायगर यांनी जर्मनीत समोरासमोर दोन मोजयंत्रं ठेवून ते केलं, आणि दोन्हीकडच्या नोंदी योगायोगाने जुळतील त्यापेक्षा खूप जास्त वेळा एकत्र आल्या. त्याच वर्षी कॉम्प्टन आणि सायमन यांनी मेघकोष्ठात इलेक्ट्रॉनची वाट आणि फोटॉनची दिशा एकत्र पाहिली. आपल्या ९० अंशांच्या उदाहरणात तो इलेक्ट्रॉन मूळ किरणापासून ४४ अंशांवर उडायला हवा. आपल्या पेटीत तो ग्रॅफाइटमध्येच विरून जातो, दिसत नाही.